शाळेतले सर आणि संध्याकाळचा क्लास

नमस्कार मॅडम,
मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवतो. नोकरीला अकरा वर्षं झाली, मूळ वेतन ४७,५०० आहे. गृहकर्जाचा हप्ता आणि आईची औषधं यांत महिन्याला आठ-नऊ हजार कमी पडतात. संध्याकाळी सात ते साडेआठ ऑनलाइन क्लास घ्यावा असं मनात आहे. मुलं माझ्या शाळेतली नसतील, पुण्या-नाशिकची असतील. एक सहकारी म्हणाले, "वहिनींच्या नावावर काढा, कोण बघतंय?" मिसेस बी.एस्सी. बी.एड. आहेत, सध्या घरीच असतात. बाहेरच्या मुलांचा ऑनलाइन क्लास चालतो का? की नावावर काढलेलं बरं?
– एक गणित शिक्षक

सर,

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर "नाही" असंच आहे. पण घरात वाढीव पैसे येण्याचा रस्ता तुमच्या पत्रातच आहे आणि तो सरळ आहे. त्याच्याकडे येतेच. आधी नकाराची कारणं नीट सांगते, कारण स्टाफरूममध्ये या विषयावर जे ऐकायला मिळतं त्यातलं निम्मं चुकीचं असतं.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९. आपण सगळे त्याला आरटीई म्हणतो. त्याचं कलम २८ एका वाक्याचं आहे: कोणत्याही शिक्षकाने खाजगी शिकवणी किंवा खाजगी अध्यापनाचं काम करू नये. बस, एवढंच. मुलं आपल्या शाळेतली की परक्या गावची, हा भेद त्यात नाही. फळ्यावर की मोबाईलवर, हाही नाही. शाळेच्या वेळेबाहेर चालेल अशी सूटही नाही. त्यामुळे "मुलं नाशिकची आहेत" हा तुमचा मुद्दा माणूस म्हणून मला पटतो, त्यामागचा चांगला हेतूही दिसतो, पण कायद्यापुढे तो उभा राहत नाही.

कुणी म्हणेल, आरटीई आठवीपर्यंत, मी तर दहावीचा शिक्षक. तुम्ही आठवीलाही शिकवता, त्यामुळे ही पळवाट तुमच्यासाठी नाहीच. आणि ज्यांच्याकडे फक्त नववी-दहावी आहे त्यांनाही खाजगी शाळा कर्मचाऱ्यांची १९८१ ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे. तिची प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात असते. ती मागून घ्या आणि शिक्षकांची कर्तव्यं, आचारसंहिता आणि शिक्षा हे भाग स्वतः वाचा. ऐकीव माहितीवर राहू नका. (जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६७ चे वर्तणूक नियम आहेत, हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगितलं.)

आता "कोण बघतंय" याबद्दल. मी मुख्याध्यापिका असताना आमच्याकडे एक गणिताचे सर होते. हुशार, मुलांचे लाडके. घरी क्लास पत्नीच्या नावावर, बाहेर पाटीही त्यांच्याच नावाची. वर्गातली सात मुलं तिथे जायची. पहिल्या घटक चाचणीनंतर एक आई माझ्या केबिनमध्ये आली. आवाज चढवला नाही, काही नाही. पिशवीतून दोन कागद काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक शाळेची चाचणी, दुसरा क्लासचा सराव कागद, शेजारणीच्या मुलाकडून मागून आणलेला. दोन्हींत त्रिकोणाची तीच आकृती होती. प्रश्नात "रेख पीएस" लिहिलं होतं आणि आकृतीत एस हा बिंदूच नव्हता, तिथे आर छापलं गेलं होतं. चूक दोन्ही कागदांवर तशीच. सातही मुलांनी ते गणित सोडवलं होतं, कारण क्लासमध्ये ती चूक आधीच दुरुस्त करून दिली होती. बाकीच्या पन्नास मुलांनी ते सोडून दिलं होतं. त्या बाई एवढंच म्हणाल्या, "माझ्या पोरीला वाटतंय तिला गणित येत नाही."

सरांनी पेपर फोडला असं मी आजही म्हणणार नाही. एकच माणूस दोन ठिकाणी तेच गणित शिकवतो, तेव्हा एका ठिकाणचा कागद दुसरीकडे जातोच. पण त्या मुलीला ते कसं समजावणार? लेखी तक्रार झाली, चौकशी झाली, आणि पत्नीच्या नावाची पाटी एका दिवसात निरुपयोगी ठरली. फी सरांच्या खात्यावर आली होती, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे अ‍ॅडमिन सर होते, सराव कागदावरचं अक्षर सरांचं होतं. ऑनलाइन क्लासमध्ये तर यापेक्षा जास्त पुरावा राहतो. रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाज असतो, यूपीआयच्या नोंदीत तुमचं नाव असतं, आणि स्क्रीनशॉट काढायला कुणाची परवानगी लागत नाही. नाराज पालक, दुसरा क्लासवाला किंवा स्टाफमधलाच कुणी, एवढं पुरतं.

शिक्षा काय होते? बहुतेक वेळा नोकरी जात नाही, आणि म्हणूनच लोक बिनधास्त असतात. पण तुमच्या आकड्यांवरच हिशेब करून दाखवते. किरकोळ शिक्षेतली नेहमीची म्हणजे एक वेतनवाढ एका वर्षासाठी रोखणं. तुमची पुढची वेतनवाढ ४७,५०० वरून ४८,९०० वर, म्हणजे १,४०० रुपयांची. त्यावर महागाई भत्ता, तो मूळ वेतनाच्या निम्म्याहून थोडा जास्त धरला तर महिन्याला सुमारे २,२०० रुपये. वर्षाचे २६ हजार. निलंबन झालं तर सुरुवातीचे महिने साधारण निम्म्या पगारावर काढावे लागतात, आणि गृहकर्जाचा हप्ता तेव्हाही पूर्णच भरायचा असतो.

त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. तुम्ही लिहिलंत, अकरा वर्षं झाली. म्हणजे पुढच्या वर्षी बारा पूर्ण होतात आणि वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव जाईल. त्याला प्रशिक्षण लागतं आणि गोपनीय अहवाल चांगले लागतात. चौकशी सुरू असली की अशी फाईल पुढे सरकत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वरिष्ठ श्रेणीचा फायदा एका वर्षाचा नसतो, तो निवृत्तीपर्यंत दर महिन्याला मिळत राहतो. तुम्ही २००५ नंतर लागलेले, म्हणजे जुनी पेन्शन नाही. तुमच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यात जे साचतं तेही मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावरच ठरतं. क्लासच्या पैशासाठी नेमकं याच वर्षी हे पणाला लावू नका.

आणि तो पैसा तरी किती? बारा मुलं, हजार रुपये, दहा महिने: कागदावर एक लाख वीस हजार. माझी भाची नोकरीत नाही, ती चार वर्षं ऑनलाइन गणित शिकवते, तिच्या वह्या मी पाहिल्या आहेत. दिवाळीनंतर बारातली तीन मुलं गळतात, दोघांची फी मार्चपर्यंत "देतो" मध्येच राहते. हातात नव्वद हजारांच्या आसपास येतात. त्यातून ब्रॉडबँड आणि लिहायचा पेन टॅबलेट यांचे दहा-बारा हजार वजा करा. झूमची फुकट मीटिंग ४० मिनिटांना तुटते आणि गूगल मीटची एका तासाला, म्हणजे दीड तासाच्या क्लासला एक तर पैसे भरा किंवा मध्येच पुन्हा लिंक पाठवा. आठवड्याला तीन दिवस दीड तास, म्हणजे शिकवणं साडेचार तास. पण फोटो काढून पाठवलेल्या वह्या तपासणं, तयारी आणि पालकांचे फोन धरले की ते नऊ तास होतात. चाळीस आठवड्यांचे तीनशे साठ तास. तासाला दोनशे-सव्वादोनशे रुपये पडले. दिवसभर सहा-सात तासिका उभं राहून शिकवलेल्या माणसाचा हा रात्रीचा भाव आहे.

आता सरळ रस्ता. तुमच्या पत्नी बी.एस्सी. बी.एड. आहेत आणि घरी आहेत. कलम २८ शिक्षकाला लागू आहे, शिक्षकाच्या पत्नीला नाही. त्यांच्या नावावर तुमचा क्लास नको. त्यांचा स्वतःचा क्लास काढा. ऐकायला शब्दांचा खेळ वाटेल, पण त्यात पाच-सहा ठोस गोष्टींचा फरक आहे. शिकवणाऱ्या त्या. फी त्यांच्या खात्यावर, पावतीवर सही त्यांची. ग्रुप त्यांच्या नंबरवरून, जाहिरातीत तुमचं नाव, पद, शाळा काहीही नाही. "अमुक शाळेच्या सरांच्या मार्गदर्शनाखाली" ही ओळ सगळ्यांना लिहावीशी वाटते, आणि नेमकी तीच ओळ पुढे चौकशीत वाचून दाखवली जाते. तुमच्या शाळेतलं एकही मूल घ्यायचं नाही. शेजारच्या घरातलं असलं, ओळखीचं असलं, फुकट शिकवायचं असलं तरीही नाही. आणि संध्याकाळी त्या शिकवत असताना तुम्ही त्या खोलीत नसावं. स्वयंपाकघरात त्यांनी तुम्हाला एखादं अडलेलं गणित विचारलं तर जरूर सांगा, ते नवरा-बायकोतलं बोलणं आहे. मुलांची वही मात्र तुमच्या हातात येऊ देऊ नका.

हे सुरू करण्याआधी संस्थेला एक साधं पत्र द्या की माझी पत्नी अमुक तारखेपासून स्वतंत्रपणे शिकवण्या घेणार आहे, त्यात माझा सहभाग नाही आणि आपल्या शाळेतील विद्यार्थी त्यात नसतील. काहीजण म्हणतील, स्वतःहून कशाला सांगायचं? उद्या तक्रार आली तर मुख्याध्यापकांच्या हातात तुमच्या बाजूने बोलायला कागद असतो, म्हणून सांगायचं. मी त्या खुर्चीत बसलेली आहे. ज्याने आधी सांगितलं त्याच्यासाठी भांडता येतं.

क्लास ऑनलाइनच हवा असं मनातून काढून टाका. पाचवी-सहावीच्या मुलाला स्क्रीनवर भागाकार शिकवणं फार अवघड असतं. त्याची पेन्सिल कुठे अडली हे दिसत नाही. हॉलमध्ये सतरंजी, एक पांढरा फळा, सहा मुलं, यावर सुरुवात करा. तालुक्याच्या गावात महिना सहाशे-सातशे फी धरली तर पहिल्या सत्रात चार हजारांच्या आसपास येतील. तुमची तूट आठ-नऊ हजारांची आहे, त्यामुळे पहिल्या वर्षी ती अर्धीच भरेल, हे आधीच मनाशी धरा. नववी-दहावीला फी जास्त मिळते, पण तिथे पालक निकाल विचारतात, आणि तुमच्या पत्नींचा विषयाशी संबंध काही वर्षं तुटलेला आहे. त्यांना दोन-तीन महिने द्या. बालभारतीची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. आठवी ते दहावीच्या गणिताचा प्रत्येक सरावसंच त्यांनी स्वतः वहीत सोडवावा, उत्तरं न बघता. ज्या सरावसंचात दोनपेक्षा जास्त गणितं अडली तो धडा अजून शिकवायला घेऊ नये. असं केलं की कोणता वर्ग घ्यायचा हे आपोआप ठरतं. दुसऱ्या वर्षी दहावीची चार-पाच मुलं जोडली की तुमचा आकडा आवाक्यात येतो.

त्यांचं उत्पन्न तेवढंच असेल तर आयकराची चिंता नाही. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत कर नाही. तरी फीची वही ठेवा: तारीख, मुलाचं नाव, रक्कम. आणखी एक. उद्या पवित्र पोर्टलमधून त्यांना शिक्षिका म्हणून नोकरी लागली, तर त्या दिवसापासून हे कलम त्यांनाही लागू होईल आणि क्लास बंद करावा लागेल. वर्षाची फी आगाऊ घेऊ नका, महिन्याची घ्या.

मग तुम्ही स्वतः काहीच करू शकत नाही का? करू शकता, पण परवानगी घेऊन आणि मर्यादेत. बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासणं, नियामक म्हणून काम करणं हे तर कर्तव्यातच येतं, त्याचं मानधन थोडं आणि उशिरा मिळतं. तुम्ही एम.एस्सी. असाल तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या जवळच्या अभ्यासकेंद्रात समंत्रकाच्या कामाची चौकशी करा. ही संपर्कसत्रं बहुधा रविवारी असतात, शिकणारे प्रौढ असतात, पैसे विद्यापीठाच्या व्यवस्थेतून येतात आणि सगळं कागदावर असतं. रक्कम मोठी नाही. मात्र हे काम उघडपणे सांगता येतं, आणि प्रौढांना शिकवल्याने तुमचं स्वतःचं गणितही ताजं राहतं. गणितावर स्वतःचं पुस्तक किंवा नियतकालिकांत अधूनमधून लेख लिहायचे असतील तर तेही करा, फक्त गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंचांपासून दूर राहा. शिक्षकाच्या पदाला ते काम शोभत नाही आणि आक्षेपही लगेच येतो.

यूट्यूबबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते डोक्यात येईलच. सर्वांसाठी खुले, फुकट व्हिडिओ करणारे कितीतरी शिक्षक आहेत आणि त्यांचं कौतुकही होतं. अडचण जाहिरातीचे पैसे सुरू झाल्यावर येते, कारण ते नियमित बाहेरचं उत्पन्न ठरतं. त्यासाठी मुळात हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचं पाहणं लागतं. मराठी माध्यमाच्या नववीच्या बीजगणिताला तिथपर्यंत पोचायला खूप वेळ लागतो. हप्त्याच्या गणितात ते पैसे धरूच नका, आणि पैसे सुरू करण्याआधी संस्थेची लेखी परवानगी घ्या.

परवानगीचा अर्ज कसा असावा, ते सांगते. बहुतेक अर्ज "विनंती की परवानगी मिळावी" एवढ्यावर संपतात आणि मग संस्थेला निर्णय घ्यायला आधारच नसतो. तो सचिवांना, मुख्याध्यापकांमार्फत, साधारण असा लिहा:

"मी आपल्या शाळेत सहायक शिक्षक (गणित) या पदावर कार्यरत आहे. मुक्त विद्यापीठाच्या अमुक अभ्यासकेंद्रात रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत, शैक्षणिक वर्षातील अंदाजे पंधरा रविवार, समंत्रक म्हणून काम करण्याची माझी इच्छा आहे. मानधन प्रतिसत्र दराने केंद्रामार्फत बँक खात्यावर मिळेल. विद्यार्थी प्रौढ असून शाळेतील विद्यार्थ्यांशी या कामाचा संबंध नाही. शाळेचे काम, परीक्षा अथवा निवडणुकीचे कर्तव्य त्या दिवशी आल्यास मी त्यास प्राधान्य देईन. कृपया ना हरकत प्रमाणपत्र मिळावे."

दिवस, तास, पैसे कुणाकडून, शिकणारे कोण, शाळेचं काम आलं तर काय. हे पाच मुद्दे असले की सचिवांना सही करायला अवघड जात नाही. दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेऊन ती घरी ठेवा. उत्तर आलं नाही म्हणजे परवानगी मिळाली, असं धरू नका. पंधरा दिवसांनी आठवणीचं पत्र द्या, त्यावरही आवक क्रमांक घ्या. आणि ना हरकत हातात येईपर्यंत एकही सत्र घेऊ नका.

हे मानधन मिळालं की ते आयकर विवरणपत्रात "इतर उत्पन्न" म्हणून दाखवा. केंद्राने कर कापला असेल तर तो २६एएस मध्ये दिसतो. पगारासाठी आलेल्या फॉर्म १६ वरून विवरणपत्र भरून मोकळं होण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि मग नोटीस येते.

शाळा १५ जूनच्या आसपास सुरू होते. पत्नींच्या क्लासबद्दलचं पत्र आणि तुमचा अर्ज, दोन्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात द्या, प्रवेशाच्या गडबडीच्या आधी. आणि ज्या सहकाऱ्यांनी "कोण बघतंय" म्हटलं, त्यांना कलम २८ ची झेरॉक्स देऊन ठेवा. त्यांच्याही घरी हप्ते असतीलच.

तुमची,
एक निवृत्त मुख्याध्यापिका